तुरळक ठिकाणी गुप्तहेर

प्रश्न: हवामान खात्याचा साधा अंदाज एखाद्या कडवट, कंगाल खासगी गुप्तहेराच्या तोंडी घालून गंमत म्हणून लिहायचाय. मी लिहिलं की नुसतं नाटकी होतं. कसं जमवायचं?

नाटकी होतंय, कारण तुम्ही बहुधा आधी गुप्तहेर लिहिताय आणि मग जागा उरली तर हवामान. मीही तेच करायचो. सिगारेटचा धूर, ओली गल्ली, लांब कोट, आणि शेवटी कुठेतरी "पाऊस पडत होता". ऑफिसच्या ग्रुपवर माझा पहिला असा तुकडा टाकला तेव्हा त्यात "आज हे शहर बुडणार होतं" असं झोकात लिहिलं होतं. खात्याचा अंदाज होता "मध्यम सरी". एक सहकारी दुपारी तीनलाच पिशवी उचलून घरी गेला, आणि वाटेत त्याला ऊन लागलं. त्यानंतर आठवडाभर मला चहा पाजावा लागला.

तेव्हापासून एकच शिस्त पाळतो. मूळ अंदाजातला आकडा, ठिकाण आणि "शक्यता" यांना हात लावायचा नाही. गुप्तहेराने फक्त त्यांच्याकडे संशयाने बघायचं. खात्याची भाषा आधीच इतकी कोरडी असते की तिला वेगळा विनोद लागत नाही. "सामान्यतः ढगाळ", "तुरळक ठिकाणी", "अधूनमधून" हे शब्द एखाद्या थकलेल्या माणसाने मनावर घेतले की पुरे.

मुंबईतला पावसाळ्यातला एक नेहमीच्या वळणाचा अंदाज घेऊ. मजकूर मी रचलाय, पण साचा रोजचाच: "पुढील २४ तासांत आकाश सामान्यतः ढगाळ. शहर व उपनगरांत मध्यम ते जोरदार पाऊस, तुरळक ठिकाणी अति जोरदार पावसाची शक्यता. वाऱ्याचा वेग अधूनमधून ताशी ४० ते ५० किमी. कमाल तापमान ३०, किमान २५ अंश. बंगालच्या उपसागरात कमी दाबाचे क्षेत्र. दुपारी १:४२ वाजता ४.६ मीटरची भरती."

लिहायच्या आधी यातले शब्द समजून घ्यायचे, नाहीतर चुकीच्या जागी विनोद होतो. "जोरदार" हे खात्याचं विशेषण नाही, माप आहे: २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर. "अति जोरदार" त्याच्या पुढे, २०४.४ पर्यंत. "तुरळक ठिकाणी" म्हणजे त्या भागातल्या जास्तीत जास्त पाव ठिकाणी. कुठली, ते खातं सांगत नाही, सांगूही शकत नाही. गुप्तहेराच्या दृष्टीने यासारखं घबाड नाही: गुन्हा होणार हे माहीत आहे, पत्ता माहीत नाही.

आता पहिली खरी अडचण. अंदाज भविष्यातला असतो आणि गुप्तहेर भूतकाळात बोलतो. "मी निघालो, तो मेलेला होता" अशी त्याची चाल. अंदाज सरळ भूतकाळात नेला की "पाऊस पडण्याची शक्यता" चं "पाऊस पडला" होतं, म्हणजे तुम्ही खोटं लिहिलंत. यावर मला सापडलेला तोडगा म्हणजे खबऱ्या. अंदाज हा खबऱ्याचा फोन समजायचा. फोन झाला, तो भूतकाळ. तो जे म्हणाला, ते भविष्य. शक्यता शाबूत राहते, वर संवादही मिळतो.

दुसरी अडचण आपल्या भाषेची आहे, आणि बहुतेकांचं घोडं इथेच अडतं. या प्रकारच्या कथा १९२० च्या दशकात अमेरिकेतल्या स्वस्त मासिकांत वाढल्या. तिथल्या भाषेत उपमा वाक्याच्या शेवटी येते, त्यामुळे फटका शेवटी बसतो. आपल्याकडे क्रियापद शेवटी. "पाऊस उधारी मागायला आलेल्या वाण्यासारखा दारात उभा होता" यात वाणी मधेच येऊन जातो आणि वाक्य "होता"वर फुसकन संपतं. म्हणून मी वाक्य तोडतो. आधी साधी गोष्ट, पूर्णविराम. मग उपमा, क्रियापद न लावता: "पाऊस दारातच उभा होता. उधारी मागायला आलेला वाणी." "सारखा"सुद्धा गाळला. मोठ्याने वाचून बघा, फरक कानाला कळतो. पण परिच्छेदात असं एकदाच. तीनदा केलंत की गुप्तहेर कीर्तनकार होतो.

उपमा कुठून आणायच्या, तर त्या माणसाच्या खिशातून. त्याचं भाडं थकलंय, छत्री मोडकी आहे, चप्पल रबरी आहे. मुंबईच्या जुलैत लांब कोट घालणारा माणूस गुप्तहेर नसतो, घामाघूम असतो.

वरच्या अंदाजाचं मी केलेलं हे असं:

सकाळचे साडेआठ. लोकांचा दिवस मध्यरात्री बदलतो, हवामान खात्याच्या पावसाचा हिशोब साडेआठला. माझा दिवस गिऱ्हाईक आलं की सुरू होतो. गिऱ्हाईक आलं नव्हतं. खबऱ्याचा फोन आला.

"पुढचे २४ तास सामान्यतः ढगाळ," तो म्हणाला.

"सामान्यतः म्हणजे?"

"म्हणजे ऊन दिसलं तर माझं नाव घेऊ नकोस."

खिडकीतून पाहिलं. आकाश खाली आलं होतं. भाडं थकलेल्या माणसाची मान.

"पाऊस?"

"मध्यम ते जोरदार. शहर, उपनगरं, दोन्हीकडे." तो थांबला. वाईट बातमी तो थांबूनच देतो. "तुरळक ठिकाणी अति जोरदार."

"ठिकाणांची नावं सांग."

"नावं नाहीत."

नावं कधीच नसतात. वीस वर्षं या धंद्यात आहे. ते तुरळक ठिकाण दरवेळी नेमकं मी चप्पल काढून ठेवतो तिथे सापडतं.

"यामागे कोण आहे?"

"कमी दाबाचं क्षेत्र. बंगालच्या उपसागरात."

वाटलंच. बडी धेंडं जागेवर येत नाहीत. हा तिकडे देशाच्या पलीकडच्या अंगाला बसणार, आणि त्याच्या ओढीने अरबी समुद्रावरचे वारे इकडे धावत सुटणार. पुढे सह्याद्री आडवा. वर चढताना वारे अंगावरचं सगळं टाकून देतात. आपण खाली उभे.

"वारा?"

"ताशी ४० ते ५० किलोमीटर. अधूनमधून."

माझ्या छत्रीची एक काडी गेल्या जूनमध्येच फितूर झाली होती. उरलेल्या सात माझ्याकडे बघत होत्या.

"तापमान?"

"कमाल ३०, किमान २५."

पाच अंशांचा फरक. एवढ्यासाठी कुणी अंघोळ पुढे ढकलत नाही.

भरतीचं मी त्याला विचारलं नाही. ती कोष्टकात छापलेली असते. १ वाजून ४२ मिनिटं, ४.६ मीटर. समुद्र शक्यता वगैरे म्हणत नाही, दिलेल्या वेळेला येतो. आणि तो आला की शहराच्या नाल्यांना तोंड उघडायला जागा राहत नाही. नेमका त्याच वेळी वरून माल उतरला, तर तो रस्त्यावरच राहणार.

"नक्की ना हे सगळं?" मी विचारलं.

"शक्यता," तो म्हणाला, आणि फोन ठेवला.

मी चपला पिशवीत घातल्या.

बघा, मूळ अंदाजातलं एकही कलम गळलेलं नाही. मी शेवटी दोन्ही मजकूर शेजारी ठेवून एकेक आकड्यावर टिचकी मारतो. पहिल्या खर्ड्यात ओली साडी नेसलेली एक रहस्यमय बाई दार ढकलून आत आली होती. तिच्याकडे हवामानाची काहीच माहिती नव्हती, म्हणून तिला परत पाठवलं. भरतीचा भाग मात्र दोनदा लिहिला. आधी मी तीही खबऱ्याच्याच तोंडी दिली होती. मग लक्षात आलं की सगळ्या अंदाजात नक्की अशी ती एकच गोष्ट आहे, चंद्र-सूर्यावरून आधीच गणित केलेली. तिला खबऱ्यापासून वेगळं काढलं आणि तुकड्याला मणका आला.

रोज एकच खबऱ्या कंटाळवाणा होतो, तेव्हा साक्षीदार वापरा. मुंबईत ते आयतेच दोन आहेत: कुलाबा आणि सांताक्रूझ वेधशाळा. मधे वीस-बावीस किलोमीटर, आणि जबान्या क्वचितच जुळतात. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझने २४ तासांत ९४४ मिलिमीटर नोंदवले, कुलाब्याने सुमारे ७३. एकच शहर, एकच दिवस, दोन्ही साक्षीदार खरं बोलत होते. कुठल्याही रहस्यकथेत याहून चांगला पेच मी वाचलेला नाही. पण त्या दिवसावर मी विनोदी तुकडा लिहिलेला नाही, लिहिणारही नाही. माणसं गेली होती. साध्या दिवशी मात्र कुलाबा १२ आणि सांताक्रूझ ६० असले आकडे आले की गुप्तहेराने कुलाब्याला एवढंच विचारावं, "काल रात्री तू होतास कुठे?"

खात्याचा लाल इशारा असला की मी हा खेळ खेळत नाही. ग्रुपवर अंदाज जसाच्या तसा टाकतो, खाली काही नाही. मागच्या पावसाळ्यात अशाच एका सकाळी कुणीतरी विचारलं, "आज तुमचा तो माणूस कुठाय?" मी लिहिलं, सुट्टीवर. मघाशी सांगितलेला ऊन लागलेला सहकारी ते वाचून काही बोलला नाही. लॅपटॉप बंद केला, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि साडेअकराची लोकल पकडायला निघाला.