उत्तर ११.१७ आणि पुस्तकात ११.१५: सुटलेला हातचा कसा शोधावा

प्रश्न: माझ्या वर्गमैत्रिणीने सोडवलेल्या सरासरी विचलनाच्या उदाहरणाचा फोटो सोबत जोडला आहे. तिचे उत्तर ११.१७ आले आहे, पुस्तकात ११.१५ आहे. मी तिचे शेवटच्या स्तंभातले सगळे गुणाकार दोनदा तपासले, ते बरोबर आहेत. हा फरक फक्त राउंडिंगचा असेल का, की कुठे चूक आहे?

उत्तर:

चूक आहे, आणि ती तुम्ही तपासलेल्या भागात नसून त्याच्या आधीच्या एका बेरजेत आहे. चौथ्या स्तंभाची बेरीज १५३० यायला हवी होती, तिथे १५२० लिहिले गेले आहे. एकम स्थानाची बेरीज १० झाली, त्यातले शून्य खाली उतरले आणि हातचा एक दशम स्थानात मिळवायचा राहून गेला. मात्र ही जागा मी एकेक ओळ तपासत जाऊन शोधलेली नाही. तिच्याच शेवटच्या स्तंभावरून ती कळली, आणि ती पद्धत तुम्हाला पुढच्या प्रत्येक उदाहरणात उपयोगी पडेल, म्हणून सविस्तर लिहितो.

फोटो थोडा तिरका आहे आणि उजवीकडची कड सावलीत गेली आहे, त्यामुळे मी प्रथम सगळे आकडे जसे दिसले तसे कागदावर उतरवून घेतले. फोटोकडे पाहत मनातल्या मनात तपासत गेले की डोळ्यांना जे अपेक्षित असते तेच दिसू लागते, आणि पुसट दशांश चिन्ह किंवा ४ व ९ यांतला फरक सहज निसटतो. पन्नास विद्यार्थ्यांना ६० पैकी मिळालेल्या गुणांची तिची सारणी अशी आहे:

| वर्ग | वर्गमध्य | वारंवारता | वारंवारता × वर्गमध्य | विचलन (केवल मूल्य) | वारंवारता × विचलन |
|---|---|---|---|---|---|
| ०–१० | ५ | ४ | २० | २५.४ | १०१.६ |
| १०–२० | १५ | ७ | १०५ | १५.४ | १०७.८ |
| २०–३० | २५ | १२ | ३०० | ५.४ | ६४.८ |
| ३०–४० | ३५ | १५ | ५२५ | ४.६ | ६९.० |
| ४०–५० | ४५ | ८ | ३६० | १४.६ | ११६.८ |
| ५०–६० | ५५ | ४ | २२० | २४.६ | ९८.४ |
| बेरीज | | ५० | १५२० | | ५५८.४ |

तिने १५२० ला ५० ने भागून मध्य ३०.४ काढला आहे आणि ५५८.४ ला ५० ने भागून ११.१६८, म्हणजे ११.१७, हे उत्तर लिहिले आहे.

राउंडिंगची शंका आधी दूर करू. या सारणीत शेवटच्या भागाकारापर्यंत एकाही संख्येची आसन्न किंमत घेतलेली नाही. ३०.४ हा मध्य नेमका एका दशांश स्थळात संपतो, त्यामुळे सगळी विचलनेही नेमकी आहेत. जिथे काहीच छाटलेले नाही तिथे छाटण्यामुळे ०.०२ चा फरक पडू शकत नाही. फरक लहान आहे म्हणून त्याला राउंडिंग म्हणून सोडून देण्याआधी, आसन्न किंमत नक्की कोणत्या ओळीत घेतली गेली आहे, हे बोट ठेवून दाखवता आले पाहिजे.

आता मुख्य ताळा. मध्यापासून मोजलेल्या विचलनांचा एक गुणधर्म असा की चिन्हांसह घेतली तर त्यांची वारंवारतेसह बेरीज शून्य येते. सरासरी विचलन काढताना आपण केवल मूल्ये घेतो, म्हणून हे शून्य सारणीत कुठेच दिसत नाही, पण ते तिथे लपलेले असते: मध्याच्या खाली असलेल्या ओळींची शेवटच्या स्तंभातली बेरीज ही मध्याच्या वर असलेल्या ओळींच्या बेरजेएवढीच असली पाहिजे. तुमच्या मैत्रिणीच्या सारणीत पहिल्या तीन ओळी मध्याच्या खाली आहेत. त्यांची बेरीज १०१.६ + १०७.८ + ६४.८ = २७४.२. उरलेल्या तीन ओळींची बेरीज ६९.० + ११६.८ + ९८.४ = २८४.२. दोन्ही बाजू जुळत नाहीत, म्हणजे चूक नक्की आहे. आणि त्या नेमक्या १० ने जुळत नाहीत, हा आकडा तर चुकीच्या जागेपर्यंत नेणारा आहे.

वरची बाजू १० ने जड असण्याचे दोनच अर्थ होऊ शकतात. एक तर शेवटच्या स्तंभातला एखादा आकडा १० ने चुकला आहे, किंवा ज्या मध्यापासून विचलने मोजली तो मध्यच चुकला आहे. पहिली शक्यता तुम्ही गुणाकार दोनदा तपासून बाद केलीच आहे. त्या गुणाकारांत वापरलेली विचलने मी वेगळी पाहिली, आणि त्यासाठी प्रत्येक वजाबाकी पुन्हा करावी लागली नाही. वर्गांतर १० आहे, तेव्हा खालच्या बाजूला २५.४, १५.४, ५.४ अशी दहादहाने उतरण हवी, वरच्या बाजूला ४.६, १४.६, २४.६ अशी दहादहाने चढण हवी, आणि मध्याला लागून असलेल्या दोन विचलनांची, म्हणजे ५.४ आणि ४.६ यांची, बेरीज बरोबर १० व्हायला हवी. हे सगळे तिच्या सारणीत आहे. म्हणून ३०.४ पासून पुढचे तिचे प्रत्येक पाऊल बरोबर आहे आणि चूक ३०.४ मध्येच आहे.

मध्य किती चुकला हेही त्या १० वरूनच कळते. चिन्हांसह विचलनांची बेरीज म्हणजे चौथ्या स्तंभाची खरी बेरीज वजा ५० गुणिले वापरलेला मध्य. तिच्या बाबतीत ५० गुणिले ३०.४ म्हणजे १५२० च होतात. म्हणजे दोन बाजूंमधला फरक हा चौथ्या स्तंभाच्या खऱ्या बेरजेत आणि तिने लिहिलेल्या बेरजेत असलेला फरक आहे, ना कमी ना जास्त. वरची बाजू जड आहे, याचा अर्थ मध्य कमी निघाला आहे, आणि म्हणून खरी बेरीज १५२० + १० = १५३० असली पाहिजे. इथवर मी चौथ्या स्तंभातला एकही आकडा पुन्हा मोजलेला नव्हता.

मग त्या स्तंभाकडे वळलो. बेरीज १० ने कमी येण्याला पुन्हा दोन कारणे असू शकतात: एखादा गुणाकार चुकणे, जसे ७ × १५ हे १०५ ऐवजी ९५ लिहिणे, किंवा बेरीज करतानाच चुकणे. सहाही गुणाकार बरोबर आहेत. बेरजेत एकम स्थानी फक्त दोन पाच आहेत, त्यांचे १० होतात. दशम स्थानी २, ०, ०, २, ६, २ मिळून १२ होतात आणि हातचा धरून १३. तिथे ३ यायला हवे होते, तिने २ लिहिले आहे. फरक नेमका १०, १०० असा स्वच्छ असतो तेव्हा माझा पहिला संशय नेहमी हातच्यावर जातो. गुणाकारातल्या चुका सहसा इतक्या गोल आकड्याच्या नसतात.

१५३० ला ५० ने भागले की मध्य ३०.६ येतो. तो खरोखर ३०.६ च आहे याची खात्री मी गृहीतमध्य पद्धतीने वेगळी करून घेतली, कारण तीच बेरीज पुन्हा करताना माणूस तीच चूक पुन्हा करू शकतो. गृहीतमध्य ३५ घेऊन आणि १० ने भागून विचलने −३, −२, −१, ०, १, २ अशी येतात. वारंवारतेने गुणल्यावर −१२, −१४, −१२, ०, ८, ८, म्हणजे एकूण −२२. त्याला १० ने गुणून ५० ने भागले की −४.४, आणि ३५ मधून ४.४ गेले की ३०.६. इतक्या लहान संख्यांमध्ये हातचा धरण्याचा प्रसंगच फारसा येत नाही.

बेरजेत चक्क १० ची चूक होऊनही उत्तर फक्त ०.०१६ ने का बदलले, हा प्रश्न तुम्हाला पडला असेल, आणि मला या उदाहरणातला हाच भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो. मध्य ०.२ ने खाली सरकला तेव्हा खालच्या २३ विद्यार्थ्यांचे विचलन प्रत्येकी ०.२ ने कमी झाले आणि वरच्या २७ विद्यार्थ्यांचे प्रत्येकी ०.२ ने वाढले. २३ ची घट २३ च्या वाढीने भरून निघाली, उरलेल्या ४ जणांचे ४ × ०.२ = ०.८ एवढेच एकूण बेरजेत वाढले, आणि ते ५० ने भागले की ०.०१६ उरतात. दोन्ही बाजूंना २५–२५ विद्यार्थी असते तर उत्तर अगदी पुस्तकातल्याइतकेच आले असते आणि ही चूक कोणालाच दिसली नसती. म्हणूनच सरासरी विचलनाच्या उदाहरणात शेवटचे उत्तर जुळणे हा मध्य बरोबर असल्याचा पुरावा होत नाही. दोन बाजू जुळवून पाहण्याचा ताळा मात्र हीच चूक १० एवढी मोठी करून दाखवतो.

या ताळ्याच्या मर्यादाही लक्षात ठेवा. तो फक्त मध्यापासूनच्या विचलनांना लागू आहे. मध्यकापासून सरासरी विचलन काढायला सांगितले असेल तर सगळे बरोबर असूनही दोन बाजू जुळणार नाहीत: याच सारणीचा मध्यक सुमारे ३१.३३ येतो आणि तिथे खालची बाजू वरच्या बाजूपेक्षा सुमारे ३६.६७ ने जड असते. मध्याची दोन दशांश स्थळांपर्यंत आसन्न किंमत घेतली असेल तर ५० निरीक्षणांसाठी ०.२५ पर्यंतचा फरक खपवून घ्यावा, कारण मध्यात जास्तीत जास्त ०.००५ ची चूक असू शकते आणि ती ५० वेळा मोजली जाते. आणि प्रश्नातली वारंवारताच चुकीची उतरवली असेल, समजा १२ ऐवजी १३, तर त्या चुकीच्या सारणीच्याही दोन्ही बाजू व्यवस्थित जुळतील. त्यासाठी पुस्तकातला प्रश्न फोटोशेजारी ठेवून आकडे एकेक करून मिळवून पाहण्याशिवाय उपाय नाही. तुमच्या फोटोत प्रश्नाची सारणी वरच्या बाजूला अर्धवट आली आहे. जेवढी दिसते तेवढी जुळते, पण शेवटच्या दोन वारंवारता तुम्ही पुस्तकातून पाहून घ्या.

मैत्रिणीला सांगताना चौथ्या स्तंभाची बेरीज १५३० आणि मध्य ३०.६ एवढे सांगितले तरी पुढचे ती स्वतः करू शकेल. तुमच्याकडे पडताळायला म्हणून देतो: विचलने २५.६, १५.६, ५.६, ४.४, १४.४, २४.४ अशी होतील, शेवटचा स्तंभ १०२.४, १०९.२, ६७.२, ६६.०, ११५.२, ९७.६ असा येईल, दोन्ही बाजूंची बेरीज २७८.८ येईल, आणि एकूण ५५७.६ भागिले ५० म्हणजे ११.१५२.