पावणेतीन लाख आणि एकोणऐंशी हजार: धनादेशावर इंग्रजीत काय लिहावे?

प्रश्न: "आमच्या यावलकडे केळीचे पैसे बोलताना 'पावणेतीन लाख', 'सव्वाबाराशे' असेच आकडे येतात, आणि हिशेब केला की त्यात 'एकोणऐंशी हजार'सारखे काहीतरी निघते. चेकवर रक्कम इंग्रजी शब्दांत लिहायची तर यांचे बरोबर रूप कोणते?"

तुम्ही दिलेल्या तीन शब्दांपैकी 'सव्वाबाराशे' सोपा आहे, कारण 'सव्वा' मिळवतो: बाराशे आणि वर शंभराचा पाव भाग, म्हणजे १,२२५. इंग्रजीत 'वन थाउजंड टू हंड्रेड ट्वेंटी-फाइव' असे लिहावे. 'ट्वेल्व्ह हंड्रेड' चुकीचे नाही. पण आकड्यात हजाराचा स्वल्पविराम असताना शब्दांतही हजार दिसलेला बरा, असे माझे मत आहे. खरी अडचण उरलेल्या दोघांत आहे, कारण ते दोन्ही शब्द वजाबाकीचे आहेत. 'पावणेतीन' म्हणजे तिनाला पाव कमी आणि 'एकोणऐंशी' म्हणजे ऐंशीला एक ऊन. मराठी पुढच्या पूर्ण संख्येचे नाव घेते आणि त्यातून वजा करते, तर इंग्रजी हातात जे आहे त्याचेच नाव घेते. त्यामुळे कानावर पडलेल्या शब्दाचा थेट अनुवाद करणाऱ्याच्या लेखणीतून 'पावणेतीन लाख' ऐकून पहिला शब्द 'थ्री' उतरतो आणि 'एकोणऐंशी' ऐकून 'एटी'. दोन्ही ठिकाणी सुरुवातच चुकते.

त्यातही 'एकोण' अधिक फसवा आहे. 'एकोणऐंशी' आणि 'एक्याऐंशी' या दोघांच्या आरंभी 'एक' ऐकू येतो आणि शेवटी 'ऐंशी', पण पहिला ७९ आहे आणि दुसरा ८१. तीच गत 'एकोणसाठ' आणि 'एकसष्ट' यांची, 'एकोणनव्वद' आणि 'एक्क्याण्णव' यांची. शंभराच्या आधी मात्र मराठीने ही रीत सोडली आहे: ९९ला आपण 'नव्याण्णव' म्हणतो, तिथे वजाबाकी नाही. या जोड्यांत फरक नेहमी दोनाचा असतो, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. आकड्यांतली आणि शब्दांतली रक्कम दोनाने, दोन हजाराने किंवा दोन लाखाने जुळत नसेल, तर पहिला संशय 'एकोण'वर घ्यावा.

आता तुमच्याच व्यवहारासारखे एक उदाहरण घेऊ. माल पावणेतीन लाखाला ठरला, म्हणजे २,७५,०००; त्यावर वाहतुकीचे ४,४५९ रुपये खरेदीदाराने द्यायचे आहेत. एकूण २,७९,४५९ झाले. तोंडाने आपण 'दोन लाख एकोणऐंशी हजार चारशे एकोणसाठ' म्हणतो, आणि एका रकमेत 'एकोण' दोनदा येतो. अशा वेळी मराठी उच्चार बाजूला ठेवावा, धनादेशावर आधी आकडे भरावेत आणि इंग्रजी शब्द त्या आकड्यांवरूनच वाचून लिहावेत. पहिल्या स्वल्पविरामाशी 'लाख' येतो, दुसऱ्याशी 'थाउजंड', आणि शेवटच्या तीन अंकांतल्या पहिल्याला 'हंड्रेड' लागतो. मधल्या ७९मध्ये आधी सात दिसतो, म्हणून 'सेव्हंटी'. मग नऊ, म्हणून 'नाइन'. मराठीत एकक आधी बोलला जातो आणि दशक नंतर, जसे 'पंचवीस' किंवा 'त्रेसष्ट'; इंग्रजीत हा क्रम उलटा आहे, आणि तो कागदावरच्या अंकांच्या क्रमाशी जुळतो. म्हणून आकड्यांवरून वाचले की चूक होण्याचे कारणच उरत नाही. पूर्ण रूप असे होईल: 'टू लाख सेव्हंटी-नाइन थाउजंड फोर हंड्रेड फिफ्टी-नाइन ओन्ली'. दशक आणि एकक यांच्यामध्ये छोटी आडवी रेघ द्यावी. स्पेलिंगमध्ये एकच जागा जपावी लागते: 'फोर' आणि 'फोर्टीन' यांत 'यू' असतो, 'फोर्टी'मध्ये तो नसतो.

एवढी काळजी घेण्याचे कारण कायद्यात आहे. १८८१च्या परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम १८नुसार आकडे आणि शब्द यांत फरक असेल तर शब्दांतली रक्कम खरी धरली जाते. प्रत्यक्षात बँक बहुधा असा धनादेश न वटवता परत पाठवते. रकमेत खाडाखोड करून तो दुरुस्तही करता येत नाही, नवाच लिहावा लागतो.

इंग्रजीत लिहिलेच पाहिजे असेही नाही. धनादेश इंग्रजी, हिंदी किंवा त्या प्रदेशाच्या भाषेत लिहिण्याची मुभा रिझर्व्ह बँकेने ग्राहकाला दिलेली आहे. 'दोन लाख एकोणऐंशी हजार चारशे एकोणसाठ फक्त' असे स्वच्छ मराठीत लिहिलेले चालते. मात्र तिथे 'पावणेतीन लाख' असे बोलीतले रूप न वापरता 'दोन लाख पंच्याहत्तर हजार' असेच उलगडून लिहावे.