सप्टेंबरचा ताप, डिसेंबरचे केस

प्रिय मुली,

तुझं पत्र वाचलं. उशीवरचे, कंगव्यातले आणि बाथरूमच्या जाळीवरचे केस तू रोज मोजतेस, परवा १८७ भरले, आणि पंधरा दिवस गोळ्या घेऊनही आकडा उतरत नाही म्हणून उपचार चुकला असं तुला वाटतंय. उपचार चुकलेला नाही. तुला डेंग्यू झाला सप्टेंबरात आणि केस गळू लागले डिसेंबरात, या मधल्या तीन महिन्यांकडे जरा बघ.

डोक्यावर साधारण एक लाख केस असतात. दहातले नऊ वाढत असतात, उरलेले विश्रांतीत. विश्रांतीत गेलेला केस लगेच गळत नाही. दोन-तीन महिने तो मुळाशी नुसता अडकून राहतो आणि मग सुटतो. कडक तापामुळे तुझे पुष्कळ केस एकाच वेळी विश्रांतीत गेले. म्हणजे आज कंगव्यात येणाऱ्या केसाचा निकाल सप्टेंबरातच लागलेला आहे, आजची गोळी त्याला धरून ठेवू शकत नाही. एक गळलेला केस काळ्या कागदावर ठेवून पाहा. टोकाला पांढरी बारीक गाठ दिसेल. ‘मूळच निघून आलं’ असं तू लिहिलंस ती हीच. मूळ कातडीतच आहे आणि त्यातूनच नवा केस येतो.

मग गोळी कशाला? तुझं हिमोग्लोबिन १२.१ आहे, पण फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, फक्त ११. नव्या केसांना तो साठा लागतो आणि तो भरायला तीन महिने तरी जातात. गोळी लिंबूपाण्याबरोबर घे. चहा त्याआधी आणि नंतर तासभर नको, हे मी सगळ्यांना बजावते, कारण चहामुळे लोह नीट शोषलंच जात नाही. मैत्रिणीने दिलेल्या बायोटिनच्या गोळ्या मात्र बंद कर. त्यांनी थायरॉइडचा रिपोर्ट चुकीचा येऊ शकतो आणि तुझी ती तपासणी अजून व्हायची आहे. केस वाढवायचं मिनॉक्सिडिल हे औषधही मनाने लावू नकोस. सुरुवातीचे काही आठवडे त्याने गळती वाढू शकते, आणि तू घाबरून मध्येच सोडशील.

मार्च-एप्रिलपर्यंत गळती उतरायला हवी. कपाळाजवळ उभे राहणारे आखूड केस दिसले तर ते तुटलेले समजू नकोस, ते नवे आहेत. केस महिन्याला जेमतेम सेंटिमीटरभर वाढतो, त्यामुळे वेणी हाताला पूर्वीसारखी जाड लागायला वर्ष तरी जाईल, लांब वेणीला त्याहूनही जास्त.

भांग रुंदावत गेला, कुठे गोल चट्टा पडला, टाळूला खाज-खपली आली किंवा जूननंतरही असेच केस गळत राहिले, तर लगेच ये. मग कारण वेगळं असू शकतं.

मोजणी बंद कर. महिन्यातून एकदा, त्याच खिडकीपाशी, भांगाचा एक फोटो काढ. मार्चअखेर येशील तेव्हा ते फोटो आणि नवा फेरिटिनचा रिपोर्ट घेऊन ये.

तुझी,
डॉक्टर