झोपेत येऊन गेलेली 'व्हीटी'

"मॅडम, होल्टरच्या रिपोर्टमध्ये 'व्हीटी' लिहिलंय. डॉक्टर म्हणतात, काळजीचं काही नाही. मग लिहिलं कशाला? छातीत धाडकन होतं तेव्हा वाटतं, आता संपलं."

कार्डिऑलॉजी विभागाकडून समुपदेशनासाठी येणाऱ्यांपैकी बरेच जण थोड्याफार फरकाने हेच विचारतात. इथे त्यांतल्या एकीची हकिकत सांगते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

वय ३६, शिक्षिका. सहा महिन्यांपासून 'ठोका चुकतो' ही तक्रार. दिवसातून चाळीसेक वेळा मनगटावर बोट ठेवून नाडी बघायच्या, उशाशी ऑक्सिमीटर, जिने चढणं बंद. चोवीस तास अंगावर लावून ईसीजी नोंदवणाऱ्या होल्टरमध्ये एकूण ९८,००० ठोके होते. त्यांतले २,१४० खालच्या कप्प्यातून, म्हणजे व्हेंट्रिकलमधून, वेळेआधी पडलेले, साधारण दोन टक्के. शिवाय चार ठोक्यांची एक सलग माळ, वेग मिनिटाला १३२. व्हेंट्रिकलमधले तीन किंवा जास्त ठोके लागोपाठ, मिनिटाला शंभरावर वेगाने आले की त्याला व्हेंट्रिक्युलर टॅकिकार्डिया, म्हणजेच व्हीटी म्हणायचं, अशी व्याख्याच आहे. तीस सेकंदांच्या आत आपोआप थांबली तर ती 'नॉन-सस्टेन्ड'. यांची माळ दोन सेकंदही टिकली नव्हती. पण कागदावर नाव तेच, जे जीवघेण्या प्रकारालाही असतं.

पहिल्या भेटीत मी धीर दिला नाही. तो त्यांना चार डॉक्टरांनी देऊन झाला होता आणि प्रत्येक वेळी तो संध्याकाळपर्यंतच पुरला होता. मी विचारलं, "धाडकन होतं तो ठोका कुठला?"

"चुकलेला."

"नाही. तो त्याच्या नंतरचा."

वेळेआधी पडणाऱ्या ठोक्याच्या वेळी हृदय पुरतं भरलेलं नसतं, म्हणून तो दुबळा पडतो आणि बहुधा जाणवतही नाही. मग जरा लांब विश्रांती येते. तेवढ्यात कप्पा नेहमीपेक्षा जास्त भरतो आणि पुढचा नेहमीचा ठोका तो जोर लावून रिकामा करतो. छातीवर आपटतो तो हा, निरोगी ठोका. रात्री डाव्या कुशीवर झोपल्यावर हृदय छातीच्या भिंतीला टेकतं, म्हणून तेव्हा तो जास्त जाणवतो. ऑक्सिमीटरवर त्यांना मधूनच '४०' दिसायचं, त्याचंही कारण हेच. एकाआड एक ठोका वेळेआधीचा असला, तर त्या दुबळ्या ठोक्याची लाट बोटापर्यंत पोचत नाही, आणि हृदय ८० वेळा चाललं तरी यंत्र निम्मेच मोजतं. अशा वेळी तो आकडा भरवशाचा नसतो, ईसीजी बघावा लागतो.

दुसरं सत्र जिन्याच्या विषयावर गेलं. स्ट्रेस टेस्टचा रिपोर्ट त्यांच्याकडे होता, पण शेवटच्या ओळीखेरीज त्यांनी तो वाचला नव्हता. आम्ही तो मिनिटामिनिटाने वाचला. सुरुवातीला बरेच एक्टोपिक, म्हणजे हेच वेळेआधीचे ठोके, वेग १२०च्या पुढे गेल्यावर एकही नाही, थांबल्यावर वेग उतरला तसे थोडे परत. व्यायामाने हृदयाचा स्वतःचा ताल वाढतो आणि मधे घुसायला जागा उरत नाही.

"म्हणजे मी जिने टाळून उलटंच करत होते?"

उत्तर त्यांचं त्यांनीच दिलं होतं. इथे मात्र एक अट आहे. व्यायामाबरोबर ठोके वाढत गेले, त्यांच्या माळा लागल्या किंवा वेगवेगळ्या आकाराचे येऊ लागले, तर त्याचा अर्थ पार वेगळा. तिथे व्यायाम थांबवून हृदयरोगतज्ज्ञांकडे जायचं.

खरी गाठ सुटली चौथ्या सत्रात. होल्टर लावलेला असताना जे जाणवेल ते वेळेसकट लिहायला सांगतात. त्यांच्या वहीत एकोणीस नोंदी होत्या. मी वही आणि होल्टरची वेळवार पानं शेजारी ठेवली. दुपारी ३:४०, 'भयंकर, मरते असं वाटलं' : होल्टरवर एकच एक्टोपिक. रात्री ९:१५, 'सलग धडधड' : नेहमीचाच ताल, वेग १०४. आणि व्हीटी?

त्यांनी बोटाने वेळ शोधली. पहाटे ४:०८.

"वहीत या वेळी काय आहे?"

"काहीच नाही. मी झोपले होते."

मग बराच वेळ त्या बोलल्या नाहीत. मीही बोलले नाही. अशा क्षणी समुपदेशकाने तोंड उघडलं की केलेलं काम वाया जातं. ज्या शब्दाने सहा महिने झोप उडवली, ती घटना झोपेतच येऊन गेली होती. भीती किती मोठी वाटते यावरून धोका मोजता येत नाही, हे मी शंभरदा सांगून पटलं नसतं. मी विचारांपेक्षा पुराव्यावर काम करते, ते याचसाठी.

मग धोका मोजायचा कशावरून? ठोक्यांच्या संख्येवरून कमी, ते कुठल्या हृदयात पडतात यावरून जास्त. यांच्या इकोत पंपिंग ६२ टक्के, म्हणजे नॉर्मल होतं, साधा ईसीजी स्वच्छ, कधी शुद्ध हरपलेली नाही, घरात तरुणपणी अचानक कुणी दगावलेलं नाही. अशा हृदयात सुटे ठोके आणि छोटी माळ सहसा निरुपद्रवी असते. हाच रिपोर्ट जुना हार्ट अटॅक, कमी झालेलं पंपिंग किंवा जाड झालेला स्नायू असलेल्या माणसाचा असता, तर मी त्यांना आधी डॉक्टरांकडे परत पाठवलं असतं. विशेषतः धावताना किंवा श्रमात आलेली बेशुद्धी कधीही 'टेन्शन'च्या खात्यात टाकू नये. धडधड थांबतच नसेल आणि सोबत चक्कर, धाप किंवा छातीत दुखत असेल, तर वही उघडायची नाही, थेट इमर्जन्सी गाठायची. दिवसाच्या ठोक्यांत एक्टोपिकचं प्रमाण दहा टक्क्यांच्या वर असेल, तर त्रास नसला तरी ठरावीक काळाने इको करतात, कारण ते वर्षानुवर्षं जास्त राहिलं तर काहींचं पंपिंग मंदावतं.

"मग गोळीने हे ठोके पुसून का टाकत नाहीत?" हा त्यांचा शेवटचा मोठा प्रश्न. त्यावर 'कास्ट' या अभ्यासाची गोष्ट सांगितली. हार्ट अटॅक येऊन गेलेल्यांना एक्टोपिक दाबणारी फ्लेकेनाइड आणि एन्केनाइड ही औषधं दिली होती. ठोके कमी झाले, पण औषध घेणाऱ्यांत मृत्यू वाढले, म्हणून १९८९ मध्ये ती औषधं थांबवावी लागली. ठोके पुसले म्हणजे धोका पुसला असं नसतं. त्रास असह्य असेल तर हृदयाचा वेग आणि जोर कमी करणारं बीटा ब्लॉकर देतात. काहींना ठोक्याच्या उगमाची जागा जाळणारं अ‍ॅब्लेशन उपयोगी पडतं. तो निर्णय डॉक्टरांचा.

आम्ही तीनच गोष्टी ठरवल्या. नाडी दिवसातून एकदा, ठरलेल्या वेळी. ऑक्सिमीटर कपाटात. डॉक्टरांची परवानगी होतीच, तेव्हा जिने रोज दोन मजले, दर आठवड्याला एक वाढवत. जोडीला झोप पुरी आणि सर्दीच्या नाक मोकळं करणाऱ्या गोळ्या विचारल्याशिवाय नाहीत. त्यांतल्या काहींनी हे ठोके वाढतात.

वर्षाने होल्टर पुन्हा झालं. आत येताच त्यांनी कागद पुढे केला. "३,४०० आलेत, वाढलेत," त्या म्हणाल्या. दिवसादिवसाला एवढा फरक पडतोच, हे मी सांगायच्या आतच त्यांनी दुसरा कागद काढला. "हा इकोचा. साठ टक्के. आधी हाच वाचला."