उत्तर : शेजाऱ्यांना दिवाळीचा डबा, पण घरात प्रत्येकाचं खाणं वेगळं

प्रश्न : सांगलीत विश्रामबागला राहतो. शेजारच्या घरी दिवाळीला डबा द्यायचाय, बजेट हजाराच्या आसपास. आजोबांना मधुमेह आहे, सूनबाई जैन, कडक पाळणाऱ्या, काका सगळं खातात. नातू सहा वर्षांचा, त्याला शेंगदाण्याची ॲलर्जी. मिठाई देऊ, सुका मेवा देऊ की खायचं काही नकोच?

उत्तर :

सांगलीकराचा हात आधी भडंगाकडे जातो, तो आवरा. भडंगात शेंगदाणे असतात आणि तळलेला लसूणही. म्हणजे एकाच पिशवीत नातू आणि सूनबाई दोघंही बाद.

मग वाटतं, मिक्स सुका मेवा तरी बिनधोक. मीही तेच समजत होते. एका जैन मैत्रिणीकडे छान पारदर्शक झाकणाचा डबा दिला, खाली काजू-बदाम, वर अंजिराची फुलं मांडलेली. डबा हसून घेतला, पण पुढच्या आठवड्यात तो त्यांच्या कामवाल्या मावशींच्या हातात दिसला. नंतर कळलं की वड, पिंपळ, उंबर यांच्या कुळातलं म्हणून अंजीर त्या खात नाहीत, आणि बदामांना मध लावलेला होता, तोही वर्ज्य. एकाच डब्यात सगळं मिसळलेलं, त्यामुळे त्यातलं चालणारंही त्यांना खाता आलं नाही. तुमच्या डब्याला मी एकच अट घालेन : काहीही मिसळलेलं नको. एक पाकीट, एक जिन्नस, वर नाव. काही जैन घरांत चातुर्मासात सुका मेवाच बंद असतो आणि दिवाळी चातुर्मासातच येते, तेव्हा सूनबाईंना आधी विचारा.

नातवाचं प्रकरण सगळ्यात नाजूक. पाकिटात शेंगदाणा नाही एवढ्यानं भागत नाही. सुट्या मेव्याच्या दुकानात एकच चमचा सगळ्या बरण्यांत फिरतो. भडभुंजाकडे फुटाणे आणि शेंगदाणे एकाच भट्टीत, एकाच वाळूत भाजले जातात, म्हणून ‘फुटाणे तरी देऊ’ हेही नको. शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या काही मुलांना काजू-बदामही सोसत नाहीत. म्हणून त्याच्यासाठी खायचं काहीच घेऊ नका. मातीचे मावळे आणि रंगांची पेटी द्या, किल्ला करताना तुमच्या अंगणात येऊन बसेल.

आजोबांसाठी ‘शुगर फ्री’ लिहिलेली खजूर-बर्फी दिसली की भुलायला होतं. वरून साखर घातलेली नसते एवढंच, पण खजुराच्या वजनात निम्म्याहून जास्त साखरच असते. बेदाण्याचंही तेच. त्यांना उटणं आणि सुती पंचा द्या. उटण्याच्या पाकिटावरचं वाचून घ्या, काहींत बदामाची पूड असते. आणि त्यांच्या हातात वेगळं द्या, डब्यात घालू नका. घरात सगळ्यांना गोड आणि एकट्या म्हाताऱ्याला काही नाही, हे फार लागतं. माझ्या सासऱ्यांच्या वेळी बघितलंय.

आता खाण्याचं. पाव किलो बेदाणा, आपल्याच तासगावकडचा, कारखान्यातून सीलबंद आलेला, सुटा नको. फार चकचकीत पिवळा असेल तर गंधकाची धुरी जास्त बसलेली असू शकते. पाकीट उघडल्यावर घशाला खवखवेल असा वास आला तर बदलून आणा, दम्याच्या माणसाला तो त्रास देतो. दुसरं, पाव किलो साताऱ्याचे कंदी पेढे. दूध-साखरेचे, त्यामुळे सूनबाईंना चालतील आणि काका तर एका बैठकीत संपवतील. खवा जास्त भाजलेला असल्यामुळे मऊ पेढ्यापेक्षा टिकतातही. तरी दिवाळीच्या आदल्या दिवशीच घ्या. सुट्या मिठाईच्या ट्रेवर ‘कधीपर्यंत खावे’ ही तारीख लावणं 2020च्या ऑक्टोबरपासून दुकानदाराला बंधनकारक आहे. ट्रेवर तारीख नसेल तर तिथून घेऊ नका. त्याच काउंटरवर शेंगदाणा चिक्की कापत असतील तर तिथलाही पेढा नको.

चांदीचा वर्ख लावलेलं काही घेऊ नका. वर्ख जनावराच्या आतड्या-कातड्यांच्या थरांत ठेवून कुटला की काय, ही शंका कडक पाळणाऱ्यांच्या मनात असतेच, आणि साध्या पेढ्याला वर्ख लागतोय कशाला?

उरलेल्या पैशांत कुंभाराकडच्या डझनभर पणत्या घाला. चामड्याची पाकिटं, रेशमी पिशवी टाळा.

आणि डबा द्यायला दुपारी चार-साडेचारला जा. सूर्यास्तानंतर सूनबाई काही खाणार नाहीत, आणि तुम्ही ‘अहो एक तरी घ्या’ म्हणत दारात उभ्या राहिलात तर दोघींनाही अवघडायला होईल. त्या तुमचं ताट रिकामं परत देणार नाहीत, तेव्हा त्यांच्या घरचा बिनकांद्याचा चिवडा घ्यायला एक डबा मोकळा ठेवा.