मार्केटिंग की सेल्स? बारावीनंतर ठरवताना

किराणा दुकानातला १० रुपयांचा मसाल्याचा पुडा डोळ्यांसमोर आण. १० रुपयांचाच का, तो कोणासाठी, पुड्यावर काय छापायचं, दुकानदाराला १२ पुड्यांवर १ फुकट द्यायचा का, हे ठरवणं म्हणजे मार्केटिंग. त्याचा परिणाम दिसायला महिने लागतात: गिऱ्हाईक तोच पुडा पुन्हा मागतं का?

सेल्सवाला मात्र ठरलेल्या दिवशी ठरलेल्या दुकानांत जातो. आधी फळीवर किती माल उरलाय ते बघतो, मग ऑर्डर लिहितो, मागची उधारी मागतो, मुदत संपलेल्या पुड्यांवरून बोलणी खातो. हिशेब दर महिन्याला. इथे एक गोची असते. महिनाअखेरीस टार्गेटसाठी दुकानात माल कोंबला, तर आकडा गाठला जातो, पण पुढच्या महिन्यात ऑर्डर येत नाही.

नवखे फसतात ते पदाच्या नावाला. ‘मार्केटिंग एक्झिक्युटिव्ह’ म्हणून जाहिरात असते आणि काम निघतं दारोदार विक्रीचं. (ते काम वाईट नाही; बाजार तिथेच कळतो.) म्हणून मुलाखतीत एवढंच विचार:

- महिन्याचं विक्रीचं टार्गेट आहे का?
- पगारात विक्रीवरचा इन्सेंटिव्ह आहे का?
- स्वतःची दुचाकी लागेल का?

तिन्हींना ‘हो’ आलं, तर ते सेल्सच समज. ब्रँडिंग, डिजिटल वगैरे सध्या बाजूला ठेव.