आरंभीचा वेग, पाच मिनिटांची टेस्टट्यूब आणि दीडपट आलेला Km

प्रश्न: ॲसिड फॉस्फेटेजच्या प्रॅक्टिकलमध्ये लाइनवीव्हर-बर्क आलेखावर माझे सहाही बिंदू सरळ रेषेत आले, R² ०.९९९ आहे. तरी Km ०.६० मिलिमोलर येतो आणि लॅबमध्ये तो ०.४० च्या आसपास असल्याचे सांगतात. Km आणि Vmax वाचताना माझे काय चुकते आहे?

उत्तर:

तुमच्या आलेखवाचनात फारसे काही चुकले असेल असे मला वाटत नाही. तुम्ही आलेखावर मांडलेले आकडे बहुधा आरंभीचे वेग नाहीत, आणि ही गोष्ट R² कधीच सांगत नाही. हे इतक्या ठामपणे लिहितो आहे, कारण याच प्रयोगावरून माझा एका बहिःस्थ परीक्षकांशी वाद झाला होता आणि तो अजूनही माझ्या मनातून गेलेला नाही.

आमच्या प्रयोगातही पॅरा-नायट्रोफिनिल फॉस्फेट हेच सबस्ट्रेट होते. ॲसिड फॉस्फेटेज आम्लधर्मी बफरमध्ये काम करते आणि त्या पीएचला सुटणारे नायट्रोफिनॉल जवळजवळ रंगहीन असते. सोडियम हायड्रॉक्साइड घातले की एन्झाइम थांबते आणि त्याच वेळी पिवळा रंगही उमटतो. पद्धत सोयीची आहे. मात्र अभिक्रिया चालू असताना तिचा वेग मंदावतो आहे की नाही हे या पद्धतीत दिसत नाही. ठरलेल्या वेळी अभिक्रिया थांबवायची, ४०५ नॅनोमीटरला एक रीडिंग घ्यायचे आणि त्याला मिनिटांनी भागायचे, एवढेच हातात राहते. आमच्या मॅन्युअलमध्ये सर्व टेस्टट्यूबसाठी सरसकट पाच मिनिटे दिलेली होती. मी सर्वांत कमी संहतीच्या काही जादा टेस्टट्यूब लावून त्या वेगवेगळ्या वेळी थांबवल्या. पाच मिनिटांच्या टेस्टट्यूबचे रीडिंग एका मिनिटाच्या रीडिंगच्या पाचपट यायला हवे होते, ते चौपटीच्या जवळपासच अडकले. मी जर्नलमध्ये ते तसेच नोंदवले, कमी संहतीचे वेग लवकर थांबवलेल्या टेस्टट्यूबवरून काढले आणि दुहेरी व्यस्त आलेखाऐवजी हेन्सचा आलेख जोडला.

परीक्षकांनी तो आलेख उलटून पाहिला आणि विचारले, "सगळ्या बॅचचा R² ०.९९ च्या वर आहे, सगळ्यांचा Km सारखा आहे, मग तुमचाच वेगळा का?" मी म्हणालो, "सर, सगळ्यांनी तेच एन्झाइम तितकाच वेळ चालवले, म्हणून सगळ्यांची चूकही सारखीच आली." त्यावर पानावर लाल रेघ ओढली गेली आणि खाली ‘मॅन्युअलप्रमाणे नाही’ असा शेरा पडला. गुण कापले गेले त्याचे आता काही वाटत नाही. रेषा सरळ आहे एवढ्यावरून प्रयोग बरोबर ठरवला गेला, त्याचे वाटते.

त्या प्रश्नाचे उत्तर आकड्यांत देता येते. असे धरू की एन्झाइमचा खरा Km ०.४ मिलिमोलर आहे आणि टेस्टट्यूबमध्ये घातलेल्या मात्रेला खरा Vmax मिनिटाला ६० मायक्रोमोलर आहे. पाच मिनिटांत किती सबस्ट्रेट संपेल हे मायकेलिस-मेंटेन समीकरणाच्या संकलित रूपावरून काढता येते. रीडिंगमध्ये कसलीही हातचूक नाही, पिपेट अचूक आहे असे मानले, तरी वेग असे येतात:

| सबस्ट्रेट (मिलिमोलर) | खरा आरंभीचा वेग | पाच मिनिटांचा सरासरी वेग |
|---|---|---|
| ०.१ | १२.० | ९.४ |
| ०.२ | २०.० | १६.७ |
| ०.४ | ३०.० | २७.० |
| ०.८ | ४०.० | ३८.२ |
| १.६ | ४८.० | ४७.२ |
| ३.२ | ५३.३ | ५३.१ |

पहिली ओळ पाहा. ०.१ मिलिमोलर म्हणजे १०० मायक्रोमोलर, आणि त्यातले सुमारे ४७ मायक्रोमोलर पाच मिनिटांत संपलेले असतात. जवळजवळ निम्मे सबस्ट्रेट खर्च झाल्यावर ‘०.१ मिलिमोलरला असलेला वेग’ या शब्दांना अर्थ उरत नाही. शेवटच्या ओळीत मात्र ३२०० पैकी २६५ म्हणजे आठ टक्क्यांच्या आसपासच खर्च होतात, आणि एन्झाइम जवळजवळ संपृक्त असल्यामुळे वेग जेमतेम हलतो. म्हणजे घट सर्व बिंदूंना सारखी बसत नाही. ती कमी संहतीला २२ टक्के आणि जास्त संहतीला अर्ध्या टक्क्याहूनही कमी अशी हळूहळू उतरत जाते, आणि अशी क्रमाने उतरणारी चूक सरळ रेषेला मोडत नाही, फक्त तिरपी करते.

आता तिसऱ्या रकान्यातल्या आकड्यांचे व्यस्त घेऊन लाइनवीव्हर-बर्क रेषा बसवा. Vmax ६६ येतो, Km ०.६० येतो आणि R² ०.९९९ येतो. तुमचाच आकडा. Km दीडपट चुकलेला आहे आणि R² मात्र शाबासकी देतो आहे. याचे कारण आलेखाच्या आडव्या अक्षावर आहे. ०.१ मिलिमोलरचा व्यस्त १० आहे, ०.२ चा ५ आणि उरलेले चारही बिंदू ०.३ ते २.५ च्या दरम्यान गर्दी करून बसतात. जिथे चूक सर्वांत मोठी, तोच एकटा बिंदू टोकाला उभा राहून सगळी रेषा आपल्याकडे ओढतो. शिवाय व्यस्त घेतल्याने छोट्या वेगातली चूक फुगते: ९.४ मध्ये एकाचा फरक पडला तर व्यस्तात सुमारे ०.०१ चा फरक पडतो, ५३ मध्ये तेवढाच फरक पडला तर ०.०००४ च्या आतबाहेर.

हेच आकडे हेन्सच्या आलेखावर, म्हणजे S/v विरुद्ध S असे मांडले, तर Vmax ६२ आणि Km ०.५३ येतो. तिथे स्लोपचा व्यस्त Vmax देतो आणि Y अक्षावरच्या इंटरसेप्टला Vmax ने गुणले की Km मिळतो. संगणकावर थेट वक्र बसवला तरीही जवळपास तेच उत्तर येते. R मध्ये v आणि S भरून झाल्यावर एवढे पुरते:

```
nls(v ~ Vmax*S/(Km+S), start=list(Vmax=60, Km=0.5))
```

म्हणजे चांगली पद्धत Km मधले सुमारे एक-तृतीयांश नुकसान भरून काढते, पण ०.४ परत आणत नाही. जो वेग मोजलाच गेला नाही, तो कोणताही आलेख शोधून देऊ शकत नाही.

म्हणून दुरुस्ती आलेखात न करता टेस्टट्यूबमध्ये करा. नियम सोपा आहे: सर्वांत कमी संहतीच्या टेस्टट्यूबमध्ये साधारण दहा टक्क्यांपेक्षा जास्त सबस्ट्रेट खर्च होऊ देऊ नका आणि एन्झाइमची मात्रा त्या टेस्टट्यूबकडे पाहून ठरवा. वरच्या उदाहरणात दहा टक्के पन्नासेक सेकंदांतच संपतात, आणि इतक्या कमी वेळात पिपेट हाताळण्यातच चूक होईल. त्यापेक्षा एन्झाइम पाचपट पातळ करून पाच मिनिटे तशीच ठेवा. मग त्या टेस्टट्यूबमध्ये ११ टक्क्यांच्या आसपास सबस्ट्रेट खर्च होते आणि सरासरी वेग खऱ्या वेगापेक्षा पाचेक टक्केच कमी येतो. प्रॅक्टिकलसाठी तेवढे चालते.

रंग फिका पडेल ही शिक्षकांची नेहमीची हरकत आहे, आणि ती अगदीच खोटी नाही. तिचा उपाय सोडियम हायड्रॉक्साइडच्या मापात आहे. अनेक ठिकाणी १ मिलिलिटर मिश्रणात ०.१ नॉर्मलचे ४ मिलिलिटर घालतात, त्याऐवजी ०.५ नॉर्मलचे १ मिलिलिटर घातले की रंग पाचपट पातळ न होता दुप्पटच पातळ होतो. अल्कलीत नायट्रोफिनॉलचा मोलर शोषणांक १८,००० च्या सुमाराचा असल्याने सर्वांत फिक्या टेस्टट्यूबचे रीडिंग ०.१० आणि सर्वांत गडद टेस्टट्यूबचे ०.४८ च्या आसपास येते. दोन्ही आकडे कोणत्याही साध्या कलरीमीटरवर वाचता येतात. ब्लँकमध्ये मात्र हायड्रॉक्साइड आधी आणि एन्झाइम नंतर घाला, आणि प्रत्येक संहतीला स्वतंत्र ब्लँक ठेवा, कारण हे सबस्ट्रेट साठवणीत थोडे आपोआप तुटते आणि जास्त संहतीला ती पिवळी झाक जाणवते.

पातळ करण्याआधी तुमच्याच मात्रेवर खात्री करायची असेल, तर ०.१ मिलिमोलरच्या दोन टेस्टट्यूब लावा, एक दोन मिनिटांनी थांबवा आणि दुसरी चार मिनिटांनी. ब्लँक वजा करून दुसरीचे रीडिंग पहिलीच्या दुप्पट आले नाही, तर तुम्ही आरंभीचा वेग मोजत नाही आहात. जर्नलमध्ये R² च्या आधी हे दोन आकडे लिहा, परीक्षक काहीही म्हणोत.

आता काही गोष्टी ज्या आधीच सांगायला हव्या होत्या. माझ्या हिशेबात सुटणाऱ्या फॉस्फेटचा परिणाम धरलेला नाही. ते या एन्झाइमला सबस्ट्रेटशी स्पर्धा करून अडवते, त्यामुळे प्रत्यक्षात घट याहून जास्त असू शकते. लाइनवीव्हर आणि बर्क यांच्यावरही माझा राग नाही. त्यांनी १९३४ मध्ये हा आलेख मांडला तेव्हा बिंदूंना सारखेच वजन देऊन चालत नाही याची त्यांना जाणीव होती. ती वजने पुढे मॅन्युअलमधून गळाली. इन्हिबिटर स्पर्धात्मक आहे की नाही हे एका नजरेत दाखवायला तो आलेख आजही चांगला आहे, फक्त आकडे त्यावरून काढू नका.

साध्या v विरुद्ध S वक्रावरून डोळ्यांनी Vmax वाचण्याचा मोहही टाळा. वरच्या उदाहरणात ३.२ मिलिमोलर म्हणजे Km च्या आठपट संहती आहे, तरी खरा वेग Vmax च्या ८९ टक्केच आहे. तोच कमाल धरून त्याच्या निम्म्यावरची संहती वाचली तर Km ०.३२ येईल, म्हणजे या वेळी चूक उलट्या दिशेला.

आणि एन्झाइम पाचपट पातळ केल्यावर Vmax ६० ऐवजी १२ येईल, तेव्हा दचकू नका. Vmax टेस्टट्यूबमधल्या एन्झाइमच्या मात्रेवर अवलंबून असतो, म्हणून तो लिहिताना एन्झाइम किती घातले, तापमान आणि पीएच किती होते हे सोबत लिहा. तुमच्या लॅबमध्ये सांगितला जाणारा ०.४० कोणत्या पीएचचा आणि कोणत्या बफरमधला आहे, हेही एकदा विचारून घ्या; तुमचा बफर वेगळा असेल तर सगळे नीट करूनही तो आकडा हुबेहूब येणार नाही.